तारा, दुभती गाय, प्रश्नचिन्ह आणि कुत्रा : चार चौकटींमागचा रोकडीचा हिशोब

एका कंपनीच्या छताखाली दहा-वीस वेगवेगळे धंदे असले की मुख्य कार्यालयासमोर दरवर्षी तोच प्रश्न येतो : यंदा पैसा कोणाला द्यायचा आणि तो कोणाकडून काढायचा? प्रत्येक विभागाचा प्रमुख आपल्या धंद्याची बाजू घेऊन येतो. कोणाला नवा कारखाना हवा असतो, कोणाला जाहिरातीसाठी तरतूद. सगळ्यांना थोडं थोडं वाटून दिलं तर कोणी नाराज होत नाही, पण बाजार जिंकण्याइतका पैसाही कोणाच्या हाती पडत नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकेत अशा बहुधंदी कंपन्यांचं पेव फुटलं होतं. त्यांना सल्ला देणाऱ्यांमध्ये ब्रूस हेंडरसन हे एक होते. त्यांनी १९६३ मध्ये बॉस्टनमध्ये सल्लागार संस्था सुरू केली, तीच पुढे बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या नावाने ओळखली जाऊ लागली. या संस्थेतले ॲलन झाकॉन आणि त्यांचे सहकारी यांनी कंपनीचे सगळे धंदे एका चौकोनात मांडण्याची रीत बसवली, आणि हेंडरसन यांनी १९७० मध्ये एका छोट्या टिपणातून ती जगापुढे ठेवली. व्यवस्थापनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज ती 'बीसीजी मॅट्रिक्स' म्हणून माहीत असते. तारा, दुभती गाय, प्रश्नचिन्ह आणि कुत्रा ही चार नावं तोंडपाठ असतात. त्यांच्यामागचा हिशोब मात्र क्वचितच कोणी करून पाहतो. तो केला की हे साधन कुठे खरं ठरतं आणि कुठे दगा देतं, दोन्ही स्पष्ट दिसतं.

दोन अक्ष, दोन गृहीतकं

चौकोनाचा उभा अक्ष बाजाराच्या वाढीचा. मधली रेघ रूढीने वर्षाला दहा टक्के वाढीवर ओढतात. आडवा अक्ष सापेक्ष बाजारहिश्श्याचा. सापेक्ष म्हणजे आपला हिस्सा भागिले सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा हिस्सा. आपल्याकडे ४० टक्के बाजार असेल आणि पुढच्या स्पर्धकाकडे २० टक्के, तर आपला आकडा २. त्या स्पर्धकाचा आकडा २० भागिले ४०, म्हणजे ०.५. या अक्षावरची रेघ १ वर असते, त्यामुळे 'जास्त हिस्सा' या बाजूला एका बाजारात एकच कंपनी बसू शकते : पहिल्या क्रमांकाची. प्रत्येक धंदा एका वर्तुळाने दाखवतात आणि वर्तुळाचा आकार विक्रीच्या प्रमाणात ठेवतात.

हेच दोन आकडे का निवडले? आडव्या अक्षामागे हेंडरसन यांच्या संस्थेचा आधीचा अभ्यास होता. वेगवेगळ्या उद्योगांतले खर्च तपासताना त्यांना असं दिसलं, की पहिल्या नगापासून मोजलेलं एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर नगामागचा खर्च, महागाई वगळता, साधारण २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. कामगारांचा हात बसतो, यंत्रं सुधारतात, वाया जाणारा माल कमी होतो. याला अनुभव-वक्र म्हणतात. आता एका कंपनीने स्पर्धकाच्या दुप्पट माल आजवर काढला आहे असं धरा. स्पर्धकाला नगामागे १०० रुपये खर्च येत असेल तर हिला ८० येईल. बाजारभाव १०५ असेल तर स्पर्धकाला ५ रुपये सुटतील आणि हिला २५. एकूण उत्पादनातला फरक दुपटीचा, पण नगामागच्या नफ्यातला पाचपटीचा. म्हणून हिस्सा म्हणजे कमाई, हे पहिलं गृहीतक.

उभ्या अक्षामागचं गृहीतक खर्चाचं आहे. बाजार वीस टक्क्यांनी वाढत असेल आणि आपला हिस्सा टिकवायचा असेल, तर आपल्यालाही वीस टक्क्यांनी वाढावं लागतं. म्हणजे यंत्रं, गोदामातला माल आणि बाजारातली उधारी हे सगळंच तेवढ्याने वाढवावं लागतं. वाढ म्हणजे रोकडीची भूक. एक आकडा रोकड किती येईल हे सांगतो आणि दुसरा किती जाईल हे. संपूर्ण चौकोन एवढ्यावरच उभा आहे.

चार चौकटींची बेरीज-वजाबाकी

चार धंदे घेऊ. प्रत्येकात शंभर कोटी रुपये गुंतलेले आहेत. बाजारात पहिला क्रमांक असेल तर वर्षाला २२ कोटी नफा होतो आणि मागे असाल तर ८ कोटी. बाजार वेगाने वाढत असेल तर वाढ २० टक्के, मंद असेल तर ४ टक्के. आकडे सोयीचे घेतले आहेत, तर्क मात्र तोच आहे.

पहिला धंदा मंद बाजारात पहिल्या क्रमांकावर आहे. २२ कोटी येतात, हिस्सा टिकवायला ४ कोटी पुन्हा घालावे लागतात, हातात १८ कोटी उरतात. ही दुभती गाय. दुसरा वेगवान बाजारात पहिला आहे. त्याचेही २२ कोटी येतात, पण २० कोटी वाढीतच जातात आणि उरतात जेमतेम दोन. हा तारा. नफा-तोट्याच्या पत्रकात तो झळकतो, तिजोरीत मात्र जवळजवळ काही टाकत नाही. तिसरा वेगवान बाजारात मागे आहे. ८ कोटी येतात, २० लागतात, १२ कोटींची तूट पडते. हे प्रश्नचिन्ह, कारण ही तूट भरत राहायची की धंद्यातून बाहेर पडायचं हे ठरवावं लागतं. चौथा मंद बाजारात मागे आहे. ८ कोटी येतात आणि ४ कोटी लागतात. हा कुत्रा.

सुरुवातीच्या लिखाणात शेवटच्या दोन चौकटींची नावं वेगळी होती. प्रश्नचिन्हाला 'त्रासदायक मूल' म्हटलं होतं आणि कुत्र्याला नुसतंच 'पाळीव प्राणी'. रोकडीचा मार्ग मात्र पहिल्यापासून एकच सांगितला गेला. गाईचं दूध प्रश्नचिन्हांना पाजायचं, पण सगळ्यांना नाही. एक-दोन निवडायची आणि बाजार वेगात असतानाच त्यांना पहिल्या क्रमांकावर न्यायचं, म्हणजे ती तारे होतील. कोणताही बाजार कायम वेगाने वाढत नाही. वाढ मंदावली की तारा आपोआप गाय होतो आणि पुढच्या पिढीला पोसतो. जे प्रश्नचिन्ह वेळेत पहिलं आलं नाही, ते बाजार मंदावताच कुत्र्याच्या चौकटीत घसरतं.

यातला सर्वांत मोलाचा भाग वेळेचा आहे. वेगवान बाजारात हिस्सा वाढवणं तुलनेने स्वस्त पडतं, कारण नवे ग्राहक येत असतात आणि कोणाचे जुने ग्राहक हिसकावून घ्यावे लागत नाहीत. बाजार थंडावल्यावर तोच हिस्सा दुसऱ्याच्या ताटातून काढावा लागतो. म्हणून गाईचं दूध गाईवरच खर्च करणं ही चूक आहे, आणि प्रश्नचिन्हांना सारखं वाटून देणं ही त्याहून मोठी.

आयटीसीचं उदाहरण

हा मार्ग भारतात सर्वांत स्पष्ट दिसतो तो कोलकात्याच्या आयटीसी कंपनीत. १९१० मध्ये इम्पीरियल टोबॅको या नावाने सुरू झालेल्या या कंपनीचा मूळ धंदा सिगारेटचा. देशातल्या कायदेशीर सिगारेट विक्रीत तिचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश आहे, दुसऱ्या क्रमांकाची कंपनी कितीतरी मागे आहे आणि नगांच्या हिशोबाने हा बाजार जवळपास वाढत नाही. इतकी सरळ दुभती गाय पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. वाढते कर, पाकिटांवरचे इशारे आणि समाजाचा योग्य रोष सोसूनही कंपनीने हा धंदा सोडला नाही, कारण नफ्याचा मोठा भाग वर्षानुवर्षं तिथूनच आला.

ते दूध कुठे गेलं ते पाहा. १९७५ मध्ये कंपनी हॉटेलच्या धंद्यात उतरली. पुढे कागद आणि पुठ्ठा आला. २००२ मध्ये आशीर्वाद आटा, २००३ मध्ये सनफीस्ट बिस्किटं, २००७ मध्ये बिंगो आणि २०१० मध्ये यिप्पी नूडल्स आले. यातलं प्रत्येक सुरुवातीला प्रश्नचिन्हच होतं. बिस्किटांत ब्रिटानिया आणि पार्ले, नूडल्समध्ये मॅगी, वेफर्समध्ये लेज आधीच ठाण मांडून बसले होते. रोजच्या वापराच्या वस्तूंचा हा विभाग दहा वर्षांहून अधिक काळ तोट्यात होता आणि २०१३-१४ मध्ये कुठे तो वर्षभराच्या हिशोबात थोडासा नफ्याच्या बाजूला आला. एवढा काळ कळ काढता आली ती गाय भक्कम होती म्हणून. दुसऱ्या बाजूला, कपड्यांच्या धंद्यातलं प्रश्नचिन्ह पोसत राहण्याऐवजी कंपनीने २०१९ मध्ये जॉन प्लेयर्स हा ब्रँड रिलायन्सला विकला. इथपर्यंत हेंडरसन यांचा चौकोन आणि आयटीसीची वाटचाल हातात हात घालून जातात.

पण याच उदाहरणाकडे आणखी जवळून पाहिलं की चौकोनावरच्या टीकाही एकेक करून समोर येतात.

बाजार म्हणजे नेमका कोणता?

आशीर्वाद आट्याचं वर्तुळ चौकोनात कुठे काढायचं? पाकीटबंद ब्रँडेड आटा एवढाच बाजार धरला तर आशीर्वाद देशात पहिला आहे आणि तो बाजार वेगाने वाढतो आहे. म्हणजे तारा. पण घरात खाल्लं जाणारं गव्हाचं सगळं पीठ हा बाजार धरला तर चित्र पालटतं. बहुतेक घरांत आजही गहू निवडून डबा गिरणीवर नेला जातो. हा मोठा बाजार साधारण लोकसंख्येच्या गतीने, म्हणजे अगदी हळू वाढतो, आणि त्यात आशीर्वादचा हिस्सा लहान आहे.

इथे सापेक्ष हिश्श्याचं सूत्र तर पारच फसतं. या मोठ्या बाजारात पुढचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी कोण? ब्रँड म्हणून पाहिलं तर आशीर्वादहून लहान असलेला एखादा ब्रँड, आणि गिरण्या म्हणून पाहिलं तर गल्लीतली एकेक छोटी गिरणी. कोणत्याही रीतीने भागाकार केला तरी उत्तर एकच्या वरच येतं, आणि सूत्र सांगतं की आशीर्वाद या बाजाराचा राजा आहे. वाढ मंद असल्याने ती दुभती गायही ठरते. वास्तव वेगळं आहे. समजा गव्हाला किलोमागे ३५ रुपये आणि दळणाला ६ रुपये पडतात. मग गिरणीवरचं पीठ ४१ रुपयांना झालं. पाकीटबंद आट्याचा भाव ५० झाला, तर काही घरं सोयीसाठी ९ रुपये जास्त देतील. तो ६० केला तर बरीचशी पुन्हा डबा घेऊन गिरणीवर जातील. एकही गिरणी मोठी नाही, पण सगळ्या मिळून भावाला छप्पर घालतात. हा दाब चौकोनात कुठेच दिसत नाही, कारण चौकोन फक्त 'सर्वांत मोठा एक' स्पर्धक पाहतो.

बाजाराची सीमा आखण्यावर सगळं ठरतं आणि ती आखतो तो बहुधा त्या विभागाचाच प्रमुख. सीमा पुरेशी अरुंद केली की जवळपास कोणताही धंदा पहिल्या क्रमांकाचा दाखवता येतो. वाढीच्या रेघेचंही तसंच. दहा टक्क्यांची रेघ महागाई वगळून मोजलेल्या वाढीसाठी अर्थपूर्ण आहे. आपल्याकडे २०१० च्या दशकात देशाचं एकूण उत्पन्नच चालू किमतींत बहुतेक वर्षी दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाढत होतं. विक्रीची वाढ नुसती रुपयांत मोजली तर साबणापासून सिमेंटपर्यंत सगळंच वरच्या अर्ध्या भागात जाऊन बसतं. चौकोन पाहताना वरची अर्धी बाजू गच्च भरलेली दिसली, तर वाढ रुपयांत मोजली आहे का हे आधी विचारावं.

हिस्सा आणि नफा : कारण की नुसता शेजार?

दुसरी टीका पायालाच हात घालते. जास्त हिस्सा असलेल्या कंपन्यांना जास्त परतावा मिळतो, हे १९७५ मध्ये बझेल, गेल आणि सुलतान यांनी शेकडो धंद्यांच्या माहितीवरून दाखवलं होतं. पण हिश्श्यामुळे नफा होतो, की दोन्ही तिसऱ्याच कशामुळे एकत्र वाढतात? जेकबसन आणि आकर यांनी १९८५ मध्ये हा प्रश्न तपासला. चांगलं व्यवस्थापन, चांगला माल, नशीब अशा गोष्टींचा परिणाम वेगळा काढल्यावर हिश्श्याचा स्वतःचा वाटा पूर्वी मानला होता त्यापेक्षा बराच लहान निघाला.

आयटीसीची सिगारेट याचं चांगलं उदाहरण आहे. तिचा नफा केवळ अनुभव-वक्रातून आलेला नाही. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. २०१० मध्ये सिगारेट उत्पादनात परकीय थेट गुंतवणूक बंद झाली. नव्या कंपनीला जाहिरात करून नाव कमावता येत नाही आणि परदेशी कंपनीला कारखाना उभारता येत नाही. आधीच घराघरांत आणि टपरी-टपरीवर पोचलेल्या कंपनीला यातून आयतं कुंपण मिळालं. हिस्साही याच कुंपणात टिकला आणि नफाही. हे ओळखलं नाही तर दुसऱ्या एखाद्या धंद्यात नुसता हिस्सा विकत घेऊन गाय तयार होईल असा समज होतो, आणि जिथे असं कुंपण नाही तिथे तो महागात पडतो.

हिस्सा कसा वाढला यानेही फरक पडतो. जून २०१५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या आदेशानंतर मॅगी बाजारातून उठली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परतली. मधल्या महिन्यांत सर्वांत मोठा स्पर्धकच नाहीसा झाल्याने यिप्पीचा सापेक्ष हिस्सा कागदावर प्रचंड वाढला. पण लोकांनी नूडल्सचाच धसका घेतल्यामुळे एकूण मागणी कोसळली होती. चौकोनातलं वर्तुळ पहिल्या क्रमांकाच्या बाजूला सरकलं, तिजोरीत मात्र त्या प्रमाणात काही आलं नाही. भागाकारातला छेद लहान झाल्याने उत्तर मोठं होतं. त्यात आपली कमाई किती, हे वेगळं पाहावं लागतं.

कुत्र्यावर झालेला अन्याय

आता वरच्या चार धंद्यांच्या हिशोबाकडे पुन्हा वळू. कुत्र्याला ८ कोटी आले, ४ कोटी लागले. म्हणजे तो ४ कोटी देतो. ताऱ्याने दिलेल्या दोन कोटींपेक्षा हे दुप्पट आहेत. हेंडरसन यांचं म्हणणं होतं, की असा धंदा कागदावर नफा दाखवतो, पण हिस्सा राखण्यात तो सगळा पुन्हा गुंतवावा लागतो आणि हातात काही येत नाही. म्हणून तो मोडीत काढण्यापलीकडे त्याला किंमत नाही. महागाई जोरात असेल आणि जुनी यंत्रं बदलायला दुप्पट पैसे लागत असतील, तर हे काही धंद्यांत खरंही असतं. पण सर्वसाधारण नियम म्हणून ते टिकलं नाही. हॅम्ब्रिक, मॅकमिलन आणि डे यांनी १९८२ मध्ये प्रत्यक्ष धंद्यांची आकडेवारी तपासली तेव्हा सरासरी कुत्रा रोकड खाणारा नाही, तर देणारा निघाला.

मग अशा धंद्याचं करायचं काय? शंभर कोटींवर ८ टक्के परतावा ही वाईट गुंतवणूक होती, यात शंका नाही. पण ते शंभर कोटी कधीच जाऊन बसले आहेत. आजचा प्रश्न एवढाच, की हा धंदा विकून जे मिळेल ते जास्त, की ठेवून जे मिळत राहील ते? दरवर्षी ४ कोटी हातात येतात, ते वर्षाला ४ टक्क्यांनी वाढतात आणि आपल्याला १५ टक्के परतावा हवा आहे असं धरलं, तर या येणाऱ्या रकमांची आजची किंमत साधारण ३६ कोटी होते. ४ कोटींना १५ आणि ४ मधल्या फरकाने, म्हणजे ११ टक्क्यांनी भागायचं, एवढाच हिशोब. कोणी ५० कोटी देत असेल तर विकावं. भंगारासकट २५ कोटीच मिळणार असतील, तर तो 'कुत्रा' सांभाळण्यात शहाणपण आहे. चौकोन 'विका' म्हणतो, पण कितीला, हे विचारायला त्यात जागाच नाही.

आणि विकणं किंवा बंद करणं एवढेच मार्ग नसतात. आयटीसीच्या हॉटेलांनी अनेक दशकं मोठं भांडवल घेतलं आणि त्यामानाने नफा थोडा दिला. ती हॉटेलं बंद केली नाहीत की कोणाला विकली नाहीत. जानेवारी २०२५ पासून आयटीसी हॉटेल्स ही वेगळी कंपनी झाली. तिचे ६० टक्के समभाग आयटीसीच्या भागधारकांना थेट मिळाले आणि ४० टक्के आयटीसीकडे राहिले. यातून आणखी एक गृहीतक उघडं पडतं. चौकोन असं धरून चालतो, की प्रश्नचिन्हाला पैसा फक्त घरच्या गाईकडून मिळू शकतो. आज चांगल्या धंद्याला शेअर बाजार, बँका आणि गुंतवणूकदार थेट पैसा देतात, आणि गाईचा मालक असलेला भागधारकही विचारू शकतो की हे दूध लाभांश म्हणून मलाच का देत नाही.

नावांचा अंमल

सर्वांत गंभीर टीका माणसांच्या मनाबद्दलची आहे. आर्मस्ट्राँग आणि ब्रॉडी यांनी सहा देशांतल्या १,०१५ जणांवर केलेले प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. सहभागींना दोन प्रकल्पांतून एक निवडायचा होता. एकात घातलेले पैसे दुप्पट होणार होते, दुसऱ्यात निम्मे बुडणार होते, आणि हा हिशोब करता येईल एवढी माहिती त्यांच्यापुढे होती. मात्र फायद्याचा प्रकल्प चौकोनात वाईट जागी बसत होता आणि तोट्याचा चांगल्या जागी. ज्यांच्यापुढे माहिती चौकोनाच्या रूपात ठेवली त्यांच्यापैकी ६४ टक्के लोकांनी तोट्याचा प्रकल्प निवडला. ज्यांनी आपल्या विश्लेषणात चौकोन प्रत्यक्ष वापरला, त्यांच्यात हे प्रमाण ८७ टक्के होतं. प्रयोगातली परिस्थिती फारच सोपी केलेली होती आणि प्रत्यक्षात कोणी एकट्या चौकोनावर निर्णय घेत नाही, असा आक्षेप यावर घेतला गेला, आणि तो योग्यही आहे. तरीही समोर फायद्याचा आकडा असताना माणूस 'तारा' या शब्दाकडे ओढला जातो, एवढं यातून दिसतंच.

कंपनीत हे ओढलं जाणं आणखी घट्ट होतं. ज्या विभागावर कुत्र्याचा शिक्का बसला, तिथे हुशार माणसं बदली मागतात, दुरुस्तीचा खर्च पुढे ढकलला जातो आणि दोन-तीन वर्षांत तो विभाग खरोखरच मरायला टेकतो. मग सगळे म्हणतात की चौकोनाने अचूक ओळखलं होतं. गाईच्या बाबतीतही तेच होतं. फक्त दूध काढायचं, चारा घालायचा नाही, असं धोरण ठरलं की पहिला क्रमांक हळूहळू निसटतो, आणि हे आधी विक्रीत दिसत नाही. ते दुकानदाराच्या तक्रारींत, ग्राहकाने माल बदलण्यात आणि नव्या मालाच्या रिकाम्या यादीत दिसतं.

धंद्यांमधले धागेही या शिक्क्यांत तुटतात. आयटीसीचा कागद-पुठ्ठ्याचा विभाग सिगारेटच्या पाकिटांसाठी आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनांसाठी माल पुरवतो. शेतमालाच्या विभागाने ई-चौपाल या जाळ्यातून गावोगावचा गहू थेट विकत घेतला आणि तो आशीर्वादच्या कामी आला. यातला एखादा विभाग सुटा तोलून कुत्रा म्हणून काढून टाकला, तर त्याचा खर्च दुसऱ्याच विभागात उगवतो. चार वर्तुळांमधल्या या रेघा चौकोनात काढता येत नाहीत. आणि माणसांवर होणारे परिणाम मोजायला तर त्यात अक्षच नाही. सिगारेट ही उत्तम गाय आहे असं म्हणताना ती माणसं मारते, हे कुठेच नोंदलं जात नाही, ते बाहेरून आणून मांडावं लागतं.

मग हे साधन वापरायचं कसं?

चौकोन टाकून द्यावा असं मला वाटत नाही. दहा धंद्यांची रोकड एका कागदावर आणून 'हा पोसला जातोय तो कोणाच्या जिवावर?' हा प्रश्न विचारायला लावणारी याहून सोपी मांडणी मला माहीत नाही. कंपनीत तारे आणि प्रश्नचिन्हंच असतील आणि गाय एकही नसेल, तर ती कर्जाच्या दारात उभी आहे. गाईच असतील आणि प्रश्नचिन्ह एकही नसेल, तर दहा वर्षांनंतरचं उत्पन्न कुठून येणार याची सोय झालेली नाही. हे दोन धोके चौकोनात एका नजरेत दिसतात.

फक्त वर्तुळ काढल्यावर प्रत्येकाशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, त्या धंद्याने गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्षात किती रोकड दिली किंवा घेतली. दुसरी, बाजाराची सीमा कोणी आणि कशी आखली, आणि ती थोडी रुंद किंवा अरुंद केली तर वर्तुळ कुठे सरकतं. तिसरी, हा धंदा उद्या बंद झाला तर इतर कोणत्या धंद्याचा खर्च वाढेल. चौकटीचं नाव आणि रोकडीचा आकडा जुळले तर चौकोनाचं गृहीतक तिथे लागू पडतं, पुढे जावं. जुळले नाहीत, म्हणजे कुत्रा पैसे देत असेल किंवा गाय घेत असेल, तर आकडा खरा मानावा आणि नाव खोडावं. मग तो धंदा का वेगळा वागतो, याचा शोध घ्यावा. कायद्याचं कुंपण, गिरणीसारखा अदृश्य स्पर्धक किंवा शेजारच्या विभागाशी असलेला धागा, यांपैकी काहीतरी तिथे सापडतं, आणि पैसा कुठे घालायचा याचं उत्तर त्यातूनच मिळतं.